मोफत ट्रायल चालू असतानाच वर्षाचे पैसे कापले गेले. ट्रायलचा हिशेब नक्की ठेवतं कोण?

मंदारमाळ

चित्रं काढायचं एक ॲप आयफोनवर घेतलं. मासिक सदस्यत्व, पहिले ७ दिवस मोफत. मोफतच्या दिवसांत वापरून बघायचं, पटलं तर ठेवायचं, इतका साधा बेत होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ॲप उघडलं तर अख्खा पडदा व्यापून जाहिरात आली: "वार्षिक योजना घ्या, ७ दिवस मोफत वापरून बघा". बारा महिन्यांचे वेगवेगळे पैसे भरण्यापेक्षा वार्षिक बरीच स्वस्त पडत होती. ॲप आवडलंही होतं. म्हटलं, चालू ट्रायल संपेपर्यंत तर काही कापत नाहीत, वार्षिक निवडून ठेवू. बटण दाबलं, चेहरा दाखवला, आणि पाचच मिनिटांत पूर्ण वर्षाच्या रकमेची पावती ईमेलवर हजर! मोफत दिवस गायब. पहिल्या ट्रायलचे उरलेलेही नाहीत आणि जाहिरातीतले नवे सातही नाहीत.

ॲपवाल्यांना लिहिलं तर उत्तर आलं, "आपल्या खात्याने ट्रायल आधीच वापरलेली आहे." अहो, वापरलेली कसली, ती चालूच होती की. आणि खातं तरी कुठलं? मी त्या ॲपमध्ये लॉगिनच केलेलं नाही. ना ईमेल दिला, ना नाव.

तर प्रश्न दोन. पैसे लगेच का कापले? आणि मी ट्रायल वापरली की नाही याची नोंद असते कुठे?

---

झटपट

हे नेहमीचंच आहे. ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. लोक शेवटच्या दिवशी रात्री रद्द करायला जातात आणि तोवर पैसे गेलेले असतात. मी तर ट्रायल सुरू केली की त्याच मिनिटाला सेटिंगमध्ये जाऊन रद्द करून टाकतो. मुदत संपेपर्यंत ॲप चालतं. पुढच्या वेळी हे लक्षात ठेवा.

---

मंदारमाळ

झटपट, २४ तासांचं मला माहीत होतं, पण इथे तो मुद्दाच नाही. ट्रायलचे अजून चार दिवस बाकी होते. ट्रायल *संपल्यामुळे* पैसे गेलेले नाहीत, मधेच गेले.

---

उलटतपासणी

लॉगिन केलं नाही म्हणून त्यांना कळणार नाही असं समजू नका. प्रत्येक फोनला स्वतःची ओळख असते, ॲप ती वाचतं आणि आपल्या सर्व्हरवर लिहून ठेवतं. तुमचा फोन त्यांच्या यादीत "ट्रायल घेतलेला" म्हणून लागला. ॲप काढून पुन्हा टाकलं तर बहुतेक ती ओळख बदलते. नाहीच जमलं तर नवा ईमेल वापरून बघा.

---

कळफलक

मी सदस्यत्वावर चालणारी ॲप्स बनवतो, त्यामुळे हा घोळ रोजचा आहे. उलटतपासणी यांचं म्हणणं एका वेगळ्या परिस्थितीत बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो. मंदारमाळ यांच्या बाबतीत फोनचाही संबंध नाही आणि ईमेलचाही नाही.

आयफोनवर ॲपमधून सदस्यत्व घेतलं की व्यवहार ॲपवाल्याशी होत नाही, ॲप स्टोअरशी होतो. नोंद राहते ती ज्या ॲपल अकाउंटने फोनवर खरेदी होते त्या अकाउंटवर. म्हणून ॲपमध्ये लॉगिन नसलं तरी काही अडत नाही. ॲप पुसा, फोन बदला, नोंद तिथेच.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ट्रायल वापरली का, हे एकेका योजनेसाठी मोजत नाहीत. ॲप बनवणारा आपल्या योजना एका गटात ठेवतो: मासिक, वार्षिक, असतील तर साधी आणि प्रो. स्टोअरचा नियम असा की एका अकाउंटला एका गटात सुरुवातीची सवलत एकदाच. तुम्ही मासिकवर ट्रायल सुरू केलीत त्या क्षणी गटाची ट्रायल खर्ची पडली. ती संपायची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे ॲपवाल्यांचं "आधीच वापरलेली आहे" हे उत्तर नियमाला धरून आहे, फक्त माणसाला समजेल असं नाही. शिवाय गटातल्या एका योजनेवरून दुसरीवर जाणाऱ्याला ही सवलत तशीही मिळत नाही.

म्हणजे वार्षिकवर "७ दिवस मोफत" तुम्हाला मिळणारच नव्हतं. मग ॲपने दाखवलं का? कारण तो पडदा ॲपवाला रंगवतो, स्टोअर नाही. त्यावरचा मजकूर बऱ्याच ठिकाणी ठोकून बसवलेला असतो, समोर कोण आहे हे न बघता सगळ्यांना तोच. खरं तर विचारायला एक ओळ पुरते:

```
let eligible = await product.subscription?.isEligibleForIntroOffer
```

उत्तर "नाही" आलं तर "७ दिवस मोफत" लपवायचं आणि साधी किंमत दाखवायची. ही ओळ लिहायचा कंटाळा ग्राहकाला महागात पडतो.

---

मंदारमाळ

धन्यवाद, आता बरंच डोक्यात शिरलं. पण नवे ७ दिवस मिळणार नव्हते हे मान्य केलं तरी जुन्या ट्रायलचे चार दिवस का गेले? माझी अपेक्षा एवढीच होती की ते संपले की वार्षिक सुरू होईल.

---

कळफलक

ती अपेक्षा चुकीची नाही. ॲपवाल्याने योजना वेगळ्या रचल्या असत्या तर अगदी तसंच झालं असतं.

गटातल्या योजनांना पायऱ्या असतात. सगळ्यात वरची पहिली पायरी, मग दुसरी, तिसरी. खालच्या पायरीवरून वर गेलात तर स्टोअर त्याला बढती मानतं आणि ती *त्याच क्षणी* लागू होते. जुन्या योजनेचे न वापरलेले पैसे परत मिळतात आणि नव्या योजनेची पूर्ण रक्कम कापली जाते. वरून खाली आलात तर बदल पुढच्या नूतनीकरणाच्या तारखेला होतो. दोन्ही योजना एकाच पायरीवर असतील आणि फक्त मुदत वेगळी असेल, एक महिन्याची आणि एक वर्षाची, तर तोही बदल पुढच्या तारखेपर्यंत थांबतो.

आता तुमचं उदाहरण तारखा घालून बघू. समजा १ तारखेला ट्रायल सुरू झाली, ८ ला संपणार होती, आणि ४ तारखेला वार्षिकचं बटण दाबलं. मासिक आणि वार्षिक एकाच पायरीवर असते तर ८ पर्यंत मोफत चाललं असतं आणि ८ ला वर्षाचे पैसे कापले गेले असते. म्हणजे तुमच्या मनात होतं तेच. पण वार्षिक वरच्या पायरीवर असेल तर ४ तारखेलाच बढती. जुन्या योजनेचे परत देण्यासारखे पैसे किती? ट्रायल होती, भरलं होतं शून्य, म्हणून परत शून्य. वर्ष मोजायचं ४ तारखेपासून.

सेटिंग उघडा, वर आपल्या नावावर टिचकी, मग सदस्यत्वं. तिथे या ॲपच्या नूतनीकरणाची तारीख कोणती दिसते? बटण दाबलं त्या दिवसापासून बरोबर वर्षाने असेल तर हीच गोष्ट झाली.

---

मंदारमाळ

हो, बटण दाबलं तीच तारीख, पुढच्या वर्षीची.

---

रोखठोक

म्हणजे सरळसरळ लबाडी. मासिक आणि वार्षिकमध्ये सोयी त्याच असतील तर वार्षिक "वरच्या" पायरीवर कशाला? ट्रायलवाल्यांकडून आजच्या आज पैसे काढायला. जाहिरातही मुद्दाम ट्रायलच्या मध्यावर दाखवायची, माणूस खूश असतो तेव्हा.

---

कळफलक

हेतू मला माहीत नाही आणि बाहेरून तो सिद्धही करता येत नाही. पायऱ्या लावायचा पडदा वर-खाली सरकवायच्या यादीसारखा असतो. नवीन माणूस मोठी रक्कम वर, लहान खाली असं ओढून मोकळा होतो. दोन योजना एकाच पायरीवर ठेवता येतात हे कित्येकांच्या गावीही नसतं. आणि मुद्दाम वर ठेवणाऱ्यांचंही एक म्हणणं असतं: सहा महिने मासिक भरणाऱ्याने वार्षिक घेतली तर त्याला ती लगेच सुरू झालेली हवी असते, चालू महिन्याचे उरलेले पैसेही परत मिळतात. पैसे भरणाऱ्याच्या बाबतीत ते ठीकच आहे. ट्रायलवाल्याच्या बाबतीत तीच मांडणी अंगावर येते.

---

रोखठोक

दुकानदार चूक करतो ती नेहमी स्वतःच्याच बाजूने कशी होते, एवढंच विचारतो. पायरीचं अज्ञान समजू शकतो. "७ दिवस मोफत" असं छापणं हे अज्ञान नाही.

---

कळफलक

त्या दुसऱ्या वाक्यावर माझा वाद नाही.

---

निवांतपणे

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण इथे विचारतो. वेबवरची एक सेवा, ॲप स्टोअरचा काही संबंध नाही. जुनी ट्रायल संपली तेव्हा खातं नुसतं बंद नाही, पूर्ण *डिलीट* केलं होतं. बऱ्याच काळाने पुन्हा गरज पडली, तर नवा ईमेल, नवा लॅपटॉप, इंटरनेटसुद्धा वेगळ्या कंपनीचं. कार्डाचा नंबर टाकला आणि लगेच संदेश, "आपण मोफत ट्रायलसाठी पात्र नाही". सगळं डिलीट केल्यावर हे आलं कुठून? उलटतपासणी म्हणतात तसं लॅपटॉप ओळखावा म्हटलं तर तोही नवा.

---

उलटतपासणी

ब्राउझरचा ठसा घेतात. पडद्याचा आकार, फॉन्ट, टाइमझोन यांवरून माणूस ओळखता येतो. कुकी पुसून काही होत नाही.

---

कळफलक

ठसा घेतात, पण नवा लॅपटॉप असताना तो जुन्याशी जुळायचा नाही. निवांतपणे यांच्या गोष्टीतच उत्तर आहे: कार्डाचा नंबर टाकेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पैसे घेणाऱ्या मधल्या कंपन्या कार्डाचा नंबर सेवेच्या हाती देत नाहीत, पण त्या नंबरावरून तयार केलेली एक खूण देतात. स्ट्राइपमध्ये या रकान्याचं नाव `fingerprint` असंच आहे. खुणेवरून नंबर काढता येत नाही, पण तोच नंबर पुन्हा आला की खूणही तीच येते, मग खातं, नाव, ईमेल काहीही असो. सेवेने "या खुणेला ट्रायल दिली" एवढं लिहून ठेवलं की झालं. खातं डिलीट करताना तुमची चित्रं, फाइली, नाव जातं. ही खूण बहुतेक जण राखून ठेवतात, कारण ती पुसली तर दर महिन्याला खातं डिलीट करून नवी ट्रायल घेणारे येतील. ईमेलचंही तसंच, मूळ पत्ता टाकून देऊन त्याचा हॅश, म्हणजे तशीच एक खूण, ठेवतात. जीमेलमध्ये मधे टिंबं घालून किंवा + लावून "नवा" पत्ता केला तरी हॅश करायच्या आधी तो सरळ करून घेतला जातो.

याला भोकंही आहेत. बँकेने नवीन नंबराचं कार्ड दिलं की खूण बदलते. उलट बाजूने घरातल्या दोघांनी एकच कार्ड वापरलं तर दुसऱ्याला फुकटचा नकार मिळतो. तुमच्या घरात आणखी कुणी ती सेवा घेतली होती का?

---

निवांतपणे

नाही हो, मीच. कार्ड मात्र तेच होतं हे खरं. पण मग "आम्ही तुमची सगळी माहिती पुसली" असं पत्र पाठवतात ते काय?

---

कळफलक

त्यांचं गोपनीयता धोरण उघडून "गैरवापर रोखण्यासाठी" असा मजकूर शोधा. बहुधा तिथे एक वाक्य सापडेल. ते पुरेसं आहे का, हा वेगळा वाद.

आता उलटतपासणी यांचा फोनचा मुद्दा. काही ॲप्स स्टोअरची ट्रायल न वापरता स्वतःची देतात: पहिले काही दिवस सगळं उघडं, नंतर कुलूप. तिथे स्टोअरकडे नोंद नसते, मग ॲपला स्वतःच लक्षात ठेवावं लागतं. आयफोनवर त्यासाठी डिव्हाइसचेक म्हणून सोय आहे. प्रत्येक ॲपवाल्याला प्रत्येक फोनमागे दोन बिट मिळतात, फक्त दोन, आणि ते ॲपलच्या सर्व्हरवर असतात. एक बिट "ट्रायल दिली" याला पुरतं. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन पूर्ण पुसला, तरी ते बिट तसंच राहतं. त्यामुळे काढून पुन्हा टाकायचा तुमचा उपाय तिथेही चालत नाही. जुना फोन विकत घेणाऱ्याला कधी कधी न घेतलेल्या ट्रायलचा नकार येतो तो यामुळेच.

---

उलटतपासणी

माझ्याकडे एका ॲपच्या बाबतीत काढून टाकल्यावर ट्रायल पुन्हा मिळाली होती. म्हणजे सगळेच एवढे हुशार नसतात.

---

कळफलक

नसतातच. बऱ्याच जणांना तेवढी पर्वाही नसते.

---

शेवटचीगाडी

अँड्रॉइडवर काय? माझ्याकडे तोच प्रकार होऊ शकतो का?

---

कळफलक

थोडक्यात: नोंद गूगल अकाउंटवर असते, पण नियम किती कडक ठेवायचा हे ॲपवाला निवडतो. "हे सदस्यत्व कधीच घेतलेलं नाही" असा, किंवा "या ॲपमधलं कुठलंच सदस्यत्व घेतलेलं नाही" असा. ज्या ऑफर तुम्हाला लागू नाहीत त्या प्ले स्टोअर या दोन नियमांत आपणहून गाळून ॲपला देतं, म्हणून नुसत्या आळसाने चुकीची जाहिरात दिसायची शक्यता थोडी कमी. पात्रता ॲपवाल्याने स्वतः ठरवायची असा तिसरा प्रकार आहे, त्यात गाळणीही त्याचीच. आणि पडद्यावर हाताने "मोफत" लिहिलेलं असेल तर कुठलंच स्टोअर ते पुसायला येत नाही.

---

झटपट

एक विचारू? बटण दाबल्यावर खालून स्टोअरची पट्टी वर येते ना, चेहरा दाखवायच्या आधीची. त्यावर काय लिहिलं होतं?

---

मंदारमाळ

खरं सांगायचं तर ती वाचली नाही. जाहिरातीत एवढ्या मोठ्या अक्षरात "मोफत" होतं की पट्टीत वेगळं काही असेल असं मनातही आलं नाही.

---

कळफलक

झटपट यांचा प्रश्न अगदी नेमका आहे. ॲपचा पडदा काहीही म्हणो, ती पट्टी स्टोअर बनवतं, आणि ती तुमच्या अकाउंटची पात्रता बघूनच बनते. ट्रायल मिळणार असेल तर मोफत मुदत आणि त्यानंतरची किंमत अशा दोन्ही गोष्टी पट्टीत दिसतात. मिळणार नसेल तर मोफतचा उल्लेखच नसतो, आजपासूनची किंमत तेवढी असते. "काय लिहिलंय" यापेक्षा "काय लिहिलेलं *नाही*" हे तिथे बघायचं, आणि तेच नजरेतून निसटतं.

---

रोखठोक

म्हणजे ॲपवाल्याने खोटं मोठ्या अक्षरात सांगायचं, स्टोअरने खरं लहान अक्षरात, आणि जबाबदारी ग्राहकाची. छान.

पैसे परत मिळतील का, ते सांगा कुणीतरी.

---

कळफलक

ॲप स्टोअरवरच्या खरेदीचा रिफंड ॲपवाला स्वतः देऊ शकत नाही, त्याच्याकडे तसं बटणच नाही. त्यामुळे त्याच्याशी पत्रं खेळण्यात वेळ घालवू नका. अर्ज reportaproblem.apple.com वर करायचा. तिथे खरेद्यांची यादी येते, त्यातली वार्षिकची निवडायची, ट्रायलची शून्य रकमेची नव्हे. कारण निवडल्यावर लिहायला जागा मिळाली तर दोन वाक्यं पुरेत: मासिक ट्रायल चालू असताना ॲपने वार्षिक योजना "७ दिवस मोफत" म्हणून दाखवली, प्रत्यक्षात पूर्ण रक्कम लगेच कापली गेली. अर्जाची खबर साधारण ४८ तासांत येते.

निर्णय ॲपल घेतं. काही वेळा त्याआधी ते ॲपवाल्याला विचारतात की या ग्राहकाने सेवा किती वापरली. त्याने उत्तर द्यायचं ठरवलं तर १२ तासांत द्यायचं असतं. म्हणून अर्ज आजच करा, आणि निकाल येईपर्यंत त्या ॲपमध्ये मोठं काम करत बसू नका.

---

मंदारमाळ

अर्ज केला. सदस्यत्वही रद्द केलं, पण सेटिंगमध्ये अजून पुढच्या वर्षापर्यंत चालू दाखवतंय. रद्द झालं की नाही? आणि रद्द केल्याने रिफंडवर परिणाम होईल का?

---

कळफलक

झालं. रद्द करणं म्हणजे पुढचं नूतनीकरण थांबवणं, भरलेल्या मुदतीला ते हात लावत नाही. रिफंड हा स्वतंत्र अर्ज आहे, तो मंजूर झाला की मुदत त्याच वेळी संपवली जाते. दोन्ही केलंत ते बरं. नामंजूर झाला तरी पुढच्या वर्षी पुन्हा पैसे जाणार नाहीत.

---

शेवटचीगाडी

आणि मंजूर झाला तर ट्रायलचे ते चार दिवस परत मिळतात का?

---

रोखठोक

मिळाले तरी त्या ॲपची पायरी कोण पुन्हा चढणार?

---

मंदारमाळ

मी चढेन कदाचित, ब्रशेस खरंच चांगले आहेत. आज दुसऱ्याच फोनवर, बहिणीच्या, तेच ॲप उघडून बघितलं. तिची मासिक ट्रायल कालच सुरू झाली आहे, आणि तिलाही वार्षिकवर "७ दिवस मोफत" दिसतंय. त्या पडद्याचा फोटो काढलाय. रिफंडच्या अर्जात फोटो जोडायला जागा दिसली नाही, तो कुठे पाठवता येईल का?